पासबुकातल्या न छापलेल्या ओळी

श्रोतेहो, नमस्कार.

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घेऊ. छाटणी, फवारणी आणि विक्रीच्या धांदलीत त्यांना दहा महिने पासबुक भरून घेता आले नाही. शेवटची छापील शिल्लक 12,400 रुपये होती. आता मशीनमधून बाहेर आलेल्या पासबुकात त्याखाली एकत्रित जमा 86,500, एकत्रित नावे 71,250 आणि शिल्लक 27,650 एवढेच उमटले आहे. पीएम किसानचे 2,000 रुपये त्यांना कोठेच दिसत नाहीत.

पैसे गेलेले नाहीत. न छापलेल्या नोंदी बँकेने ठरवलेल्या संख्येपलीकडे साठल्या, की अनेक बँकांमध्ये संगणक त्यांची जमा व नावे अशी बेरीज करून तेवढीच छापतो. 12,400 मध्ये 86,500 मिळवून 71,250 वजा केले, की बरोबर 27,650 उरतात. हप्ता त्या एकत्रित जमेच्या पोटात असू शकतो, पण त्याची तारीख पासबुकातून कळणार नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. कोणती नोंद छापून झाली, याची खूण संगणक ठेवतो. शाई फिकी उमटली किंवा पासबुक मशीनमध्ये तिरके सरकले, तरी कागदावर न आलेली नोंद 'छापली' म्हणून धरली जाऊ शकते आणि पुढच्या वेळी छपाई तिच्यानंतर सुरू होते. अशी सुटलेली ओळ ओळखण्यासाठी प्रत्येक ओळीत आधीच्या शिल्लकेत जमा मिळवावी, नावे वजा करावी. समजा, 9,300 शिल्लक असताना पुढच्या ओळीत 500 नावे पडले आणि शिल्लक 8,800 ऐवजी 7,600 छापली गेली, तर मधली 1,200 रुपयांची वजावट कागदावर आलेली नाही. अशा वेळी मशीनशी झटापट करण्यात अर्थ नाही. काउंटरवर ती जागा बोटाने दाखवून त्या तारखेपासून पुन्हा छपाई करण्याची विनंती करावी.

ऑनलाइन खातेउताऱ्याला या छपाईच्या खुणेशी देणेघेणे नसते. आपण 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे सांगितले, की तो बँकेच्या खातेवहीतून दर वेळी नव्याने तयार होतो, म्हणून त्यात एकत्रित झालेल्या नोंदीही सुट्या दिसतात. आपल्या बागायतदारांनी त्या दहा महिन्यांचा उतारा काढला, तर हप्ता जमा झाला असल्यास त्याची तारीख त्यांना तेथेच सापडेल. मोबाइलवरील मिनी स्टेटमेंट मात्र या कामाचे नाही. त्यात शेवटचे मोजकेच व्यवहार येतात.

एक फरक मात्र चूक नव्हे. शेअरच्या अर्जासाठी खात्यात रक्कम रोखून ठेवली असेल, तर ॲपवरील वापरण्याजोगी शिल्लक तेवढ्याने कमी दिसते. पासबुकात तिची नोंद नसते, कारण ते पैसे अजून खात्यातून गेलेलेच नसतात.