स्वॉर्डफिश: एक्स-विंगला तिसरी ओळ जोडली की

सुडोकू सोडवण्याची एक्स-विंग ही युक्ती तुम्हाला येते असं धरून चालतो, म्हणजे दोन आडव्या ओळींत एखादा आकडा दोन-दोनच घरांत बसू शकतो आणि ती घरं त्याच दोन कॉलममध्ये येतात, मग त्या कॉलममधल्या बाकीच्या घरांतून तो आकडा खोडायचा. स्वॉर्डफिशमध्ये ओळी तीन आणि कॉलम तीन, एवढाच फरक. पण लोक इथे नऊच्या नऊ कोपरे भरलेले शोधत बसतात, आणि तसं चित्र क्वचितच मिळतं. एका ओळीत दोन जागा असल्या तरी चालतं.

आता हे कागदावर काढून बघा. आकडा घ्या ७. दुसऱ्या ओळीत ७ ला जागा फक्त कॉलम १ आणि ५. पाचव्या ओळीत कॉलम ५ आणि ८. आठव्या ओळीत १ आणि ८. कुठल्याही दोन ओळी घेतल्या तरी एक्स-विंग होत नाही, पण तिन्ही मिळून कॉलम तीनच लागतात, १, ५, ८. तीन ओळींना तीन ७ हवेत, एका कॉलममध्ये दोन ७ येऊ शकत नाहीत, म्हणजे या प्रत्येक कॉलमचा ७ याच तीन ओळींतून येणार. दुसऱ्या ओळीचा ७ कॉलम १ मध्ये धरा, मग आठवीचा ८ मध्ये आणि पाचवीचा ५ मध्ये जातो, उलटं धरलं तर अनुक्रमे ५, १, ८. दोन्हीकडे तिन्ही कॉलम भरतात. मग चौथ्या ओळीत कॉलम ५ मध्ये किंवा नवव्या ओळीत कॉलम ८ मध्ये पेन्सिलने ७ लिहिला असेल तर तो बिनधास्त खोडा.

चूक होते ती एका ठिकाणी. पाचव्या ओळीत कॉलम ७ मध्येही ७ शक्य आहे आणि तुमच्या नजरेतून सुटलं, तर सगळा हिशोबच बिघडतो, म्हणून खोडण्याआधी त्या तीन ओळी पूर्ण, एकेक घर करत तपासा. कॉलममध्ये खालीवर कितीही ७ असू देत, तेच तर आपल्याला काढायचेत.

आणि शोधायचं कधी? तो आकडा अजून सहा किंवा जास्त ओळींत बसायचा राहिला असेल तेव्हाच. पाचच ओळी उरल्या असतील तर आपल्या तीन ओळी-कॉलम सोडून जे दोन कॉलम राहतात त्यांच्यात ७ ला उरलेल्या दोनच ओळींत जागा असते, म्हणजे तिथे कॉलमचा साधा एक्स-विंग तयारच असतो आणि तो नेमके तेच ७ खोडतो, आणि दिसायलाही कितीतरी सोपा.