उत्तर कोण देतं?

[दृश्य: हातातला मोबाइल. इनबॉक्स उघडतो. एक मेल थेट स्पॅममध्ये जातो.]

हा मेल कोणी वाचला नाही. तरी तो नकोसा आहे हे फोनला कळलं. कारण याआधी असंख्य लोकांनी असंख्य मेलवर ‘स्पॅम’चं बटण दाबून ठेवलं होतं. प्रश्न म्हणजे मेलचा मजकूर, आणि उत्तर म्हणजे माणसाने मारलेला शिक्का. अशा जोड्यांवरून यंत्राने शिकण्याला सुपरवाइज्ड लर्निंग म्हणतात.

आत काय चालतं ते एका छोट्या हिशोबात पाहू. समजा, शिक्के मारलेले 1000 मेल आहेत. त्यातले 400 स्पॅम, 600 चांगले. ‘बक्षीस’ हा शब्द 120 स्पॅम मेलमध्ये सापडला आणि फक्त 6 चांगल्या मेलमध्ये. म्हणजे स्पॅममध्ये तो 30 टक्के मेलमध्ये येतो, चांगल्यांत 1 टक्का. नव्या मेलमध्ये हा शब्द दिसला की संशय 30 पटीने वाढतो. प्रत्येक शब्दाचा असा पट काढायचा आणि सगळे एकमेकांशी गुणायचे. जुनी स्पॅम गाळणी बरीचशी याच हिशोबावर चालत असे. आजची यंत्रणा कितीतरी गुंतागुंतीची आहे, पण शिक्क्यांची गरज तिलाही आहेच.

आणि गोम त्या शिक्क्यातच आहे. एखादं वार्तापत्र आपणच कधीतरी मागवलेलं असतं. पुढे कंटाळा येतो. ते बंद करायचा दुवा शोधण्यापेक्षा स्पॅमचं बटण दाबणं सोपं, म्हणून लोक तेच दाबतात. यंत्र हा शिक्का खरा मानतं आणि चांगली वार्तापत्रंही अडवू लागतं.

ही चूक पकडायची कशी? नेहमीची रीत अशी, की शिकवताना काही मेल बाजूला ठेवायचे आणि नंतर त्यांच्यावर परीक्षा घ्यायची. पण त्या बाजूला ठेवलेल्या मेलवरचे शिक्केही त्याच कंटाळलेल्या लोकांचे. यंत्र त्यांच्यासारखंच चुकलं, तर त्याला पूर्ण गुण मिळतात. गुणांचा आकडा पाहून हे कधीच कळत नाही. शे-दोनशे मेल उघडून स्वतः वाचावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच बहुधा टाळलं जातं.

[दृश्य: फोनमधली गॅलरी. चेहऱ्यांचे गोल आपोआप तयार होतात. कोणाखालीच नाव नाही.]

आता त्याच फोनमधले फोटो. इथे कोणी शिक्का मारलेला नाही, तरी एका माणसाचे फोटो एकत्र आलेत. उत्तराशिवाय नुसती जवळीक पाहून गट पाडणं, हे अनसुपरवाइज्ड लर्निंग.

प्रत्येक चेहऱ्याचं आधी आकड्यांच्या यादीत रूपांतर होतं. 2015 साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘फेसनेट’ पद्धतीत एका चेहऱ्याला 128 आकडे पुरत. दोन याद्यांमधलं अंतर कमी, म्हणजे माणूस बहुतेक एकच. मग एक मर्यादा ठरवायची: इतक्या अंतराच्या आतले सगळे एका गटात.

ही मर्यादा किती असावी? ती फार कडक ठेवली, तर एकाच माणसाचे दोन गट पडतात, एक चष्म्यातला आणि एक बिनचष्म्याचा. सैल ठेवली, तर दोन बहिणी एकाच गोलात येऊन बसतात. बरोबर उत्तर कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे गुण द्यायचे तरी कशाच्या आधारावर? गट किती घट्ट आणि एकमेकांपासून किती दूर, एवढं मोजता येतं. पण घट्ट गट म्हणजे खरा गट असं नाही. एका समारंभातले, एकाच पिवळ्या उजेडातले चेहरेही घट्ट गट करू शकतात.

म्हणून फोन मधूनच विचारतो, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ आपण ‘हो’ म्हणतो, आणि त्या क्षणी उत्तर देणारा माणूस परत येतो. खरं तर तो आधीपासूनच होता. ते 128 आकडे काढायला फेसनेट शिकलं, ते कोणता चेहरा कोणाचा हे ठाऊक असलेल्या फोटोंवरून. गट पाडणं बिनउत्तराचं असलं, तरी त्याखालचा पाया उत्तरांवर उभा आहे. पुस्तकातल्या व्याख्यांमध्ये ही सरमिसळ सहसा दिसत नाही.

[दृश्य: कीबोर्ड. कोणीतरी टाइप करतंय, वर पुढचा शब्द सुचवला जातो.]

तिसरी तऱ्हा कीबोर्डमध्ये आहे. हे वाक्य घ्या: ‘काल रात्री खूप पाऊस झाला.’ यंत्राला फक्त ‘काल’ दाखवा आणि पुढचा शब्द विचारा. उत्तर: ‘रात्री’. मग ‘काल रात्री’ दाखवा. उत्तर: ‘खूप’. पाच शब्दांच्या एका वाक्यातून असे चार प्रश्न निघाले. शिक्का कोणीच मारला नाही, कारण उत्तर वाक्यातच होतं, फक्त झाकलेलं. हे सेल्फ-सुपरवाइज्ड लर्निंग.

फोटोंच्या गटांपेक्षा हे वेगळं कसं? माणसाचा शिक्का दोन्हीकडे नाही. पण इथे प्रत्येक प्रश्नाला पक्कं उत्तर आहे, त्यामुळे प्रत्येक चूक मोजता येते आणि तिच्यावरून यंत्र सुधारता येतं. शिवाय प्रश्न तयार करायला लिहिलेला मजकूर सोडून काहीच लागत नाही. 2018 साली गूगलने मांडलेलं ‘बर्ट’ हे मॉडेल सुमारे 330 कोटी शब्दांवर शिकलं. त्यातले 15 टक्के शब्द निवडून, बहुतेक झाकून, तेच ओळखायला सांगितले होते. इतके शिक्के मारायला माणसं आणायची कुठून?

अर्थात, मजकुरात जे वारंवार येतं तेच यंत्राला बरोबर वाटतं. ते खरं आहे का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

आणि प्रश्न चुकीचा बेतला, तर यंत्र पळवाट शोधतं. 2015 साली कार्ल डॉर्श, अभिनव गुप्ता आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी फोटोंवर हीच युक्ती वापरली.

[दृश्य: एका फोटोवर नऊ चौकोन. मधला चौकोन उजळतो, मग शेजारचा.]

फोटोतून शेजारशेजारचे दोन तुकडे कापायचे आणि विचारायचं, दुसरा तुकडा पहिल्याच्या कोणत्या बाजूला होता? आठ शक्य उत्तरं. अपेक्षा अशी, की मांजराचा कान डोळ्याच्या कुठल्या बाजूला असतो हे कळायचं, तर यंत्राला मांजर म्हणजे काय ते थोडंफार शिकावंच लागेल.

पण यंत्राने भलतंच हेरलं. कॅमेऱ्याच्या भिंगातून वेगवेगळे रंग किंचित वेगळे वाकतात, आणि कडेकडे हा फरक वाढत जातो. डोळ्यांना तो जाणवत नाही. यंत्राला मात्र तेवढ्यावरून तुकडा फोटोत कुठे होता ते समजत होतं. मांजर न ओळखताच उत्तर बरोबर! संशोधकांना हे लक्षात आलं, कारण यंत्राला सारखे वाटलेले काही तुकडे वेगवेगळ्या फोटोंमधल्या एकाच जागेचे निघाले, मग त्यात चित्र काहीही असो. एक उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक तुकड्यातले तीनपैकी दोन रंग काढून टाकले आणि तिथे निरर्थक ठिपके भरले.

असं शिकलेलं यंत्र लगेच कामाला लागत नाही. बर्टला शब्द ओळखता आले, तरी स्पॅम म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी शेवटी शिक्का मारलेले मेल लागतातच, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. बर्टचं पहिलं शिक्षण खास यंत्रांवर चार दिवस चाललं होतं. शिक्क्यांवरचा पुढचा अभ्यास एका ग्राफिक्स कार्डावर काही तासांत उरकतो.