घसा बरा झाला, तरी गाठ का राहते?

श्रोतेहो, नमस्कार.

घसा दुखायला लागला की बोटं आपसूक गळ्याकडे जातात. कानाच्या पाळीखाली, जबडा जिथे हनुवटीकडे वळतो त्या कोपऱ्याशी एक गाठ हाताला लागते. दाबली की दुखते आणि बोटाखाली किंचित सरकते. घसा चार-पाच दिवसांत बरा होतो, पण गाठ तिथेच असते. मग काळजी सुरू होते, आणि बहुतेक जण दवाखान्यात येतात ते याच टप्प्यावर. म्हणून आज या एका गाठीबद्दलच बोलू या.

ही गाठ नव्याने उगवलेली नसते. ती लसिका ग्रंथी आहे आणि जन्मापासून तिथेच आहे. अशा शेकडो ग्रंथी शरीरात असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा एकट्या मानेत असतात. एरवी त्या वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान आणि मऊ असल्याने हाताला लागत नाहीत. जबड्याच्या कोपऱ्यातली मात्र तब्येतीने जरा मोठी असते. निरोगी माणसातही ती कधीकधी दीड सेंटिमीटरपर्यंत भरते.

तिचं काम काय? रक्तवाहिन्यांमधून थोडा द्रव सतत बाहेर झिरपत असतो. त्यातला काही भाग बारीक नळ्यांमधून परत रक्ताकडे जातो. या द्रवाला म्हणतात लसिका. परतीच्या वाटेवर तो या ग्रंथींमधून गाळून पुढे जातो. टॉन्सिल आणि घशाच्या आजूबाजूचा द्रव प्रामुख्याने जबड्याच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीकडे येतो. टॉन्सिलमध्ये विषाणू शिरला की तिथल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून या ग्रंथीत आणतात. ग्रंथीत पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, पण नेमका हाच विषाणू ओळखणाऱ्या पेशी त्यांत अगदी मोजक्या असतात. त्या सापडल्या की एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात. त्याच वेळी ग्रंथीकडे येणारं रक्त वाढतं, आणि आत आलेल्या पेशींना काही काळ बाहेर सोडलं जात नाही. आत गर्दी होते, बाहेरचं आवरण ताणलं जातं, म्हणून ती दुखते.

थोडक्यात, गाठ फुगली म्हणजे तिच्यात जंतू साचले असं बहुतेक वेळा नसतं. क्वचित जंतू ग्रंथीतच ठाण मांडतात. तेव्हा वरची त्वचा लाल आणि गरम होते आणि गाठ मधोमध मऊ पडते. म्हणजे आत पू झालेला असतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा लागतो, पोटीस बांधून भागत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. विशीतला एक विद्यार्थी. घसा इतका दुखत होता की पाणी गिळवेना, अंगात ताप, टॉन्सिलवर पांढरट थर. खोकला नाही, सर्दी नाही. घरात कुणाच्या तरी उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या होत्या, त्या त्याने सुरू केल्या. काही दिवसांनी अंगभर लाल पुरळ उठलं. घरच्यांना वाटलं, औषधाची ॲलर्जी. तपासताना दोन गोष्टी लक्षात आल्या. ग्रंथी फक्त जबड्याखाली नव्हत्या, मानेच्या मागच्या बाजूलाही ओळीने सुजल्या होत्या. शिवाय थकवा असा की जिना चढवत नव्हता. रक्ततपासणीत वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी भरपूर निघाल्या आणि निदान झालं ग्रंथीज्वराचं. हा एपस्टीन-बार नावाच्या विषाणूचा आजार. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. उलट या आजारात अमॉक्सिसिलिन घेतलं तर असं पुरळ पुष्कळदा उठतं, आणि ते कायमच्या ॲलर्जीचं लक्षण असतंच असं नाही. त्याला सांगितलं एवढंच: विश्रांती, ताप-वेदनेची गोळी, भरपूर पाणी, आणि निदान महिनाभर धक्काबुक्कीचे खेळ बंद. कारण या आजारात प्लीहा सुजते, आणि पोटावर मार बसला तर ती फुटू शकते.

त्याचा घसा दोन आठवड्यांत मोकळा झाला. ग्रंथी मात्र राहिल्या. तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहून त्या चाचपायचा आणि म्हणायचा, अजून दुखतात. दिवसातून दहा वेळा दाबल्यावर दुखणारच! ग्रंथीत जमलेल्या पेशी निवळायला वेळ लागतो. साध्या घसेदुखीनंतर दोन-तीन आठवडे, ग्रंथीज्वरानंतर त्याहूनही जास्त. म्हणून मी त्याला आठवड्यातून एकदाच बघायला सांगितलं. हनुवटी किंचित खाली घ्यायची, म्हणजे मान सैल पडते, आणि बोटांची टोकं हलक्या हाताने गोल फिरवायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गाठी अर्ध्याहून कमी झाल्या. काहींची गाठ पुढेही बारीक मण्यासारखी लागत राहते. ती मऊ असेल, सरकत असेल, वाढत नसेल, तर तिच्या मागे लागू नका.

मग मी कोणत्या गाठीला घाबरतो? न दुखणाऱ्या. लोकांचा समज नेमका उलटा असतो. दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढतात. घसा दुखल्याचं आठवत नाही, गाठ दगडासारखी टणक आहे, खालच्या भागाला चिकटल्यासारखी हलत नाही आणि हळूहळू वाढतेय, तर वाट बघू नका. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतली अशी गाठ, त्यातून तो तंबाखू खाणारा किंवा ओढणारा असेल, तर तोंड, घसा आणि स्वरयंत्र नीट तपासून झाल्याशिवाय मी तिला साधी म्हणत नाही. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यातली गाठ कितीही लहान असो, दाखवायचीच. तिथे छाती आणि पोटाकडून येणारा द्रवही पोहोचतो, घशाशी तिचा सहसा संबंध नसतो. दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा पुंजका झाला असेल, तर क्षयाची शंका घ्यावी लागते. रात्री कपडे भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप किंवा कारण नसताना उतरणारं वजन सोबत असेल, तर क्षय आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, दोन्ही तपासावे लागतात. आणि यातलं काहीच नाही, पण घसा बरा होऊन तीन-चार आठवडे झाले तरी गाठ तसूभरही कमी नाही किंवा दोन सेंटिमीटरहून मोठी आहे, तरीही एकदा दाखवा.

तपासणीत आधी सोनोग्राफी होते. गरज पडली तर बारीक सुईने पेशी काढून बघतात. सुई लावली की आजार पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. एक मात्र पाळा. निदान होण्याआधी सूज उतरवायला म्हणून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती आटते, आणि तपासणीत काही दिसेनासं होतं.

आठवडे मोजायचा हा सगळा हिशोब साध्या घसेदुखीचा झाला. स्वतःची थुंकी गिळता येत नाही, लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, तोंडात गरम घास असल्यासारखा आवाज येतोय किंवा श्वास घेताना घरघर होतेय, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो किंवा श्वासाची वाट सुजत असू शकते. अशा वेळी गाठ चाचपत बसू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.