आलो, थांब

(दृश्य: येळ्ळूरचा शिवार, पावसाळा. भातरोपांची लावणी चालली आहे.)

बेळगावच्या आसपास तुम्ही एक गोष्ट ऐकली असेल. इथली बाई म्हणते, "मी जातो की बाजारला." पुण्याच्या पाहुण्याला हसू येतं, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडं कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलताना 'जातो', 'येतो', 'आलो' असंच म्हणतात.

याच 'आलो'मुळं माझी एक कविता फसली.

कविता आई आणि मुलाच्या संवादाची होती. आई येळ्ळूरला, मुलगा पुण्यात, मध्ये फोन. कागदावर मी 'आई' आणि 'मुलगा' असं लिहून कडवी मांडली होती. इथल्या गावागावांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात, तशा एका संमेलनात ती वाचली. वाचताना कडव्यांवरची नावं कोण घेतो? तिसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतली एक आजी शेजारणीला विचारती झाली, "आता कोण बोलायलंय?"

प्रमाण मराठीत ही अडचण कमी येते. 'मी आले' म्हटलं की आई, 'मी आलो' म्हटलं की मुलगा, क्रियापदच नाव सांगून टाकतं. माझ्या कवितेतली आई मात्र आमच्या घरातली होती, ती 'आले' म्हणणार नाही. मी एकदा तिच्या तोंडी 'आले' घालून पाहिलं. लगेच ती टीव्हीवरच्या मालिकेतली कोणी बाई वाटायला लागली.

(दृश्य: जातं. दोन हात एकाच खुंट्यावर.)

मग आवाज वेगळे करायचे कसे? मी चालीवर गेलो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या बायका एकीची ओवी दुसरीनं उचलायच्या, तेव्हा आईच्या कानात ठेका आहेच. तिला मी अभंग दिला. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. मुलाला मुक्तछंद. त्याची वाक्यं तुटक, त्यात यमक चुकूनही येऊ द्यायचं नाही.

आई म्हणते:

रोपं लावतो मी
चिखलात पाय
जेवलास काय
सांग मला

बोटांवर मोजून बघा. 'लावतो' तसंच राहिलं, तरी बोलणारी कोण हे ठेक्यावरून कळतं.

आता मुलाचं उत्तर. आधी मी लिहिलं होतं, "हो आई, जेवलो, काळजी करू नकोस." प्रश्न आला, उत्तर आलं, कविता तिथंच बसली. संवाद खोटा वाटायला लागला की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, दोघं एकमेकांना फार नीट उत्तरं देत असतात. घरात असं कोण बोलतं? म्हणून मुलानं प्रश्न अर्धाच घेतला आणि आईच्या कडव्यातला दुसराच शब्द उचलला:

जेवलो.
कँटीनचं वरण पातळ होतं.
पाय धुतलेस?

हा 'पाय' आता आईकडं परत जातो:

पाय धुतो रोज
माती नाही जात
भिजलेला हात
फोनवर

शब्द तोच, पण मुलाच्या तोंडी त्यात काळजी होती, आईनं तो मातीत नेला. प्रत्येक कडव्यात अशी उचल हवीच असं नाही. दर वेळी केली तर अंताक्षरी होते. मी दोनदाच ठेवली.

तपासायची माझी रीत साधी आहे. नावं खोडायची, कविता घरातल्या कुणाला एकाच सुरात वाचून दाखवायची आणि मध्येच थांबून विचारायचं, कोण बोललं? मी बहिणीला विचारलं. एका ठिकाणी ती अडली. तिथं आईच्या तोंडी 'एकाकीपण' हा शब्द गेला होता. तो माझा होता, आईचा नव्हता. काढला.

एक धोका मात्र उरतोच. अभंगाची चाल फार गोड आहे. चार-पाच कडवी झाली की आई बोलायची थांबते आणि गायला लागते, तिचा राग, तिची कुरकुर यमकात विरघळते. म्हणून शेवटच्या कडव्यात मी चाल मोडली. आईचे तीनच चरण ठेवले:

दिवा विझवतो
शेवटली गाडी
लावीना मी कडी

चौथा चरण रिकामा. चार अक्षरांची जागा कान वाट बघत ऐकतो. ती अक्षरं मी वेगळ्या ओळीवर लिहिली, वर कुणाचंच नाव नाही:

आलो, थांब

मुक्तछंदात बोलणारा मुलगा पहिल्यांदाच आईच्या मापात बोलला, असं ते वाचता येतं. आमच्याकडं ते दाराकडं निघालेल्या आईचंही असू शकतं.

पुढच्या हिवाळ्यात ही कविता पुन्हा वाचली. आजी तिथंच, पुढच्या रांगेत होती. या वेळी तिनं शेजारणीला काही विचारलं नाही, मला विचारलं, "दार कुणी उघडलं रे?"

(दृश्य: अर्धवट लोटलेलं दार. बाहेर पाऊस.)