कडुनिंब, टी ट्री आणि दहाव्या दिवसाच्या उवा

(वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाळेच्या पालकसभेत एका त्वचारोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, पाऊस लागला की माझ्याकडे शाळकरी मुली येतात. दोन वेण्या, मानेवर ओरखडे, आणि सोबत आई. आई दारातूनच आवाज खाली आणून बोलते, कारण उवा झाल्या म्हणजे घर अस्वच्छ असा समज अजून आहे. तो आधी सोडा. ऊ धुतलेल्या केसांतही तेवढ्याच आनंदाने राहते. डोक्याला डोकं लागलं की ती एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते, आणि मुली एका बाकावर, एका छत्रीखाली डोक्याला डोकं लावूनच असतात.

आज मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. कडुनिंब आणि टी ट्री ही दोन नावं तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यांनी उवा मरतात का, आणि मुलांच्या डोक्याची आग का होते, हे एका मुलीच्या गोष्टीतून सांगतो. तिचं नाव सांगणार नाही.

चौथीतली मुलगी. मुंबईहून मावशी आली होती, तिने टी ट्री तेलाची छोटी बाटली आणलेली. वर्षभर ती बाटली खिडकीच्या कठड्यावर, उन्हात, बूच अर्धवट लागलेलं अशी पडून होती. उवा दिसल्यावर आईने त्यातलं तेल हातावर घेऊन थेट टाळूला चोळलं, वर टॉवेल गुंडाळला आणि रात्रभर ठेवलं. मुलगी रात्री 'आग होते' म्हणाली, आईला वाटलं औषध लागू पडतंय. सकाळी न्हायला घातली तेव्हा मेलेल्या उवा पाण्यात तरंगल्या. आईचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी कानामागे आणि मानेवर लाल चट्टे उठले, पापण्या सुजल्या. पाचव्या दिवशी टाळूवर पाणी सुटलं आणि मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या. आणि दहाव्या दिवशी केसांत पुन्हा बारीक बारीक उवा. तेव्हा ती माझ्याकडे आली. आईचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टरांनू, औषध घातलंय तरी उवो परत इल्यो." तिला वाटत होतं शाळेतून नव्याने आल्या. तसं नव्हतं. त्या तिच्याच डोक्यातल्या लिखांतून निघाल्या होत्या.

हे नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो. मादी दिवसाला साधारण सहा ते आठ अंडी घालते, म्हणजे लिखा. टाळूजवळ, केसाच्या मुळाशी, डिंकाने चिकटवावं तशी. त्यांतून सात ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पुढच्या दहाएक दिवसांत अंडी घालण्याएवढं मोठं होतं. बहुतेक तेलं आणि शाम्पू जिवंत उवा मारतात, पण लिखेच्या कवचातून आत पोचत नाहीत. एकदा लावून थांबलात की आज मेलेल्या उवांची मुलं दहाव्या दिवशी हजर. त्या दहा दिवसांत फणी फिरवली तर चक्र तुटतं, नाही फिरवली तर सुरूच राहतं.

आता टी ट्रीबद्दल. ही ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाची पानं, त्यांच्यातून काढलेलं उडून जाणारं तेल. काचेच्या बशीत एक टक्का तेलातही उवा अर्ध्या तासात मरतात, हे पाहिलेलं आहे. मुलांच्या डोक्यावर तपासलेला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. शंभराहून थोडी जास्त मुलं होती. दहा टक्के टी ट्री आणि एक टक्का लव्हेंडर असलेलं तयार औषध आठवड्याच्या अंतराने तीनदा लावलं, तर शेवटी जवळपास सगळी मुलं उवांपासून मोकळी झाली. ऐकायला छान वाटतं. पण त्याच अभ्यासात ज्या मुलांना उवा गुदमरवणारं, टी ट्री नसलेलं औषध तीनदा लावलं, तीही तेवढीच मोकळी झाली. म्हणजे टी ट्री काम करतं हे खरं, पण तीनदा लावणं आणि उवांना लेप चढवणं याचाही त्यात मोठा वाटा आहे. मला या अभ्यासातली ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

कडुनिंबाचं वेगळं आहे. घाटावर दारोदार निंब असतो, आपल्याकडे पावसाने तो तितका जोर धरत नाही, तरी पाला मिळतोच. पाला उकळून त्या पाण्याने न्हायला घालतात. त्याने टाळूला बरं वाटत असेल, पण उवा मरतील याची खात्री नाही. कीटकांवर चालणारा अर्क पाल्यापेक्षा निंबोळीच्या बीत जास्त असतो. त्यातला अझाडिरॅक्टिन नावाचा पदार्थ कीटकाला कात टाकू देत नाही, त्याची भूक मारतो. हे हळू चालणारं काम आहे. दहा मिनिटांच्या धुण्यात ते होत नाही. इजिप्तमध्ये निंबोळीच्या अर्काचा तयार शाम्पू मुलांवर वापरून पाहिला, त्याने उवा मेल्या. पण अभ्यास लहान होता, आणि तो शाम्पू म्हणजे आपल्या चुलीवरचा काढा नव्हे.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण हे मी आपल्याच गावांत पाहिलंय. आंब्याच्या बागेसाठी, तुडतुड्यावर फवारायला निंबोळीचं औषध घरात असतं. बाटलीवर 10000 पीपीएम वगैरे लिहिलेलं असतं. 'निंबच तर आहे' म्हणून ते मुलीच्या केसांना लावतात. त्यात निंबोळीबरोबर विद्रावक आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून घातलेली रसायनं असतात. ती झाडाच्या पानांसाठी आहेत. खाजवून सोललेल्या टाळूवर ती जातील तर कातडी भाजेल. आणि निंबोळीचं तेल, कुठलंही असो, लहान मुलाच्या पोटात जाता कामा नये. तान्ह्या मुलांना चमचाभर पाजल्यामुळे झटके आले, यकृत बिघडलं, मुलं दगावली, अशा नोंदी 1981 मध्ये मलेशियातून आलेल्या आहेत. तसंच सीताफळाच्या बियांची पूड. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी ती वापरूच नका.

आता आगीकडे वळू. त्या मुलीला एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या होत्या, आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. पहिली, जळजळ. तेल लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत, जिथे लावलं तिथेच. हे तेल जास्त तीव्र असल्यामुळे होतं. कुणालाही होईल. दुसरी, ॲलर्जी. ती दोन-तीन दिवसांनी येते, आगीपेक्षा खाज जास्त, आणि तेल लागलं नव्हतं तिथेही, म्हणजे कानांवर, पापण्यांवर पसरते. एकदा झाली की पुढच्या वेळी थेंबभर तेलानेही उठते. तिसरी, जंतूंचा संसर्ग. नखांनी खाजवलेल्या जागेत जंतू जातात, पिवळी खपली धरते आणि मानेच्या मागे गाठी लागतात. आपली हवा दमट, त्यात ओल्या केसांची घट्ट वेणी, त्यामुळे टाळू सुकतच नाही.

आणि ती खिडकीतली बाटली? टी ट्री तेल हवा आणि उजेड लागला की बदलतं. त्यातून तयार होणारे पदार्थच ॲलर्जी जास्त करतात. ताज्या तेलाने ज्या मुलीला काही झालं नसतं, तिला जुन्या तेलाने उठू शकतं. तेल गडद बाटलीत, बूच घट्ट लावून, थंड जागी ठेवायचं, आणि जुनं झालं की टाकून द्यायचं, महाग वाटलं तरी.

मी त्या मुलीला काय सांगितलं? डोकं सौम्य शाम्पूने धुवा, कुठलंही तेल बंद. सूज आणि खाज कमी करायला मलम दिलं, संसर्गासाठी प्रतिजैविक दिलं. टाळू सुकेपर्यंत उवा राहू देत, असं म्हटल्यावर आई दचकली. पण फुटलेल्या कातडीवर उवांचं कुठलंच औषध लावायचं नसतं.

टाळू बरी झाल्यावर फणीचं काम सुरू केलं. पडवीवर उजेडात मुलीला बसवायचं, केस ओले करून भरपूर साधं कंडिशनर लावायचं. कंडिशनरने उवा मरत नाहीत, पण थोडा वेळ सुस्त पडतात आणि केस निसरडे होतात. खोबरेल तेलाचंही काम चालतं. मग लिखांची बारीक दातांची फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत, बटेला बट घेत. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसायची आणि काय निघालं ते बघायचं. पहिल्या दिवशी, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. हे अंतर असं आहे की लिखेतून निघालेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालायच्या आत फणीत सापडतं. त्या मुलीच्या पहिल्या दिवशी कापडावर चौदा निघाल्या. पाचव्या दिवशी सहा, सगळ्या बारीक. नवव्या दिवशी दोन. तेराव्या दिवशी कापड पांढरं राहिलं. केसावर टाळूपासून बोटभर लांब उरलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकामी कवचं असतात, त्या पाहून घाबरायचं नाही.

ज्यांना तरीही टी ट्री वापरायचं असेल त्यांनी तयार, मुलांसाठी म्हणून विकलं जाणारं औषध घ्यावं. घरी मिसळायचंच असेल तर चार चमचे खोबरेल तेलात चार थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिपूसभर लावून दोन दिवस वाट बघा. मग अर्धा तास, रात्रभर नाही, आणि डोळ्यांपासून दूर. हे एवढं सौम्य असतं की उवा सगळ्या मरतील असं मी म्हणणार नाही, फणी लागणारच. खाजवून टाळू फुटलेली असेल तर तेही नको. अगदी लहान मुलांना, तान्ह्यांना, टी ट्री नाहीच. बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका, थोडं पोटात गेलं तरी मूल गुंगतं, तोल जातो.

एका बाईने मघाशी विचारलं, की धाकट्या आठ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यात दोन उवा दिसल्या, काय लावू? काही लावू नका. बाळाच्या केसांना खोबरेल लावून फणी फिरवा, पाचव्या दिवशी पुन्हा. आणि तुमच्या स्वतःच्या डोक्यातही बघायला सांगा, बाळ तुमच्याच खांद्यावर झोपतं.