कॉफीतलं कॅफिन काढायला कार्बन डायऑक्साइडच का?
(एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित करून)

सुरुवात एका छोट्या जाड भिंतीच्या भांड्यापासून करू. स्टीलचं भांडं, दोन्ही बाजूंना नीलमण्याची खिडकी, कारण साधी काच हा दाब सहन करेलच असं नाही. आत भरलाय कार्बन डायऑक्साइड, खाली द्रव, वर त्याचीच वाफ, आणि मधे पृष्ठभागाची ती स्वच्छ रेघ दिसतेय. आता हळूहळू तापवायला लागा. द्रव फुगतो, हलका होत जातो, आणि वरची वाफ दाबली जाऊन दाट होत जाते, म्हणजे दोघं एकमेकांच्या जवळ यायला लागतात. 31 अंशांच्या जवळ आलात की रेघ पुसट होते, आतलं सगळं दुधाळ धुकं धुकं दिसायला लागतं, आणि मग रेघ जातेच. उकळी नाही, बुडबुडे नाहीत, काही नाही. धुकं निवळतं आणि आत एकच एकसारखं काहीतरी उरतं.

हे धुकं का येतं तर त्या क्षणी घनता जागोजागी सारखी वरखाली होत असते आणि त्या चढउतारांवर प्रकाश विखुरतो. आणि एक गंमत, भांड्यात माल बरोबर मोजून भरलेला असेल, लिटरमागे 470 ग्रॅमच्या आसपास, तरच रेघ मधोमध राहून नाहीशी होते. कमी भरलात तर ती खाली खाली सरकत तळाला जाते, म्हणजे सगळ्याची वाफ झाली. जास्त भरलात तर वर चढते आणि भांडं द्रवानेच भरून जातं. प्रयोग फसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, तापमानाचं नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते 1822 साली, शार्ल कान्यार द ला तूर यांच्या. त्यांच्याकडे खिडकी नव्हती, बंद केलेली बंदुकीची नळी होती आणि आत द्रवाबरोबर एक गारगोटीचा गोळा. नळी हलवायची आणि आवाज ऐकायचा, द्रवाच्या पृष्ठभागावर गोळा आपटला की वेगळा आवाज येतो, आणि एका तापमानापुढे तो आवाज येईनासाच झाला. मला हा प्रयोग फार आवडतो, कानाने लावलेला शोध आहे तो. पुढे 1869 मध्ये टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर नीट मोजमापं केली आणि त्या बिंदूला क्रिटिकल पॉइंट हे नाव दिलं. कार्बन डायऑक्साइडसाठी तो 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 73 पट. या दोन्हीच्या वर गेलात की जे असतं ते सुपरक्रिटिकल फ्लुइड.

आता लोक म्हणतात की ते अर्धं द्रव अर्धा वायू असतं. असं मिश्रण वगैरे काही नसतं, एकच अवस्था आहे. फक्त काही गुण द्रवाकडे झुकलेले, काही वायूकडे. घनता द्रवासारखी, म्हणून विरघळवायची ताकद आहे. पण व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, पाण्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि आतले रेणू साध्या द्रवातल्यापेक्षा साधारण दहा पट भरभर पसरतात. आणि पृष्ठभागच नसल्यामुळे पृष्ठताणही नाही, त्यामुळे बारीक छिद्रात शिरताना अडत नाही. दाण्याच्या आतून काहीतरी काढायचंय म्हटल्यावर यापेक्षा बरं काय पाहिजे.

पण खरी मजा यात नाहीये. खरी मजा ही की त्याची घनता तुमच्या हातात असते. 40 अंशांवर 80 बारला लिटरमागे साधारण 280 ग्रॅम. तेच 100 बार करा, 630. फक्त 20 बारचा फरक आणि घनता दुपटीच्या वर! पुढे 200 बारला 840, म्हणजे वाढ मंदावली. पाण्याला कितीही दाबा, असं काही होत नाही. आणि विरघळवण्याची ताकद घनतेच्या मागेमागे जाते, म्हणजे पंपाची सेटिंग बदलून तुम्ही सॉल्व्हंटच, म्हणजे विरघळवणारा पदार्थच, बदलता. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावावं तसं. दाब वाढवला की विरघळतं, सोडला की जे विरघळलं होतं ते तिथेच पडतं आणि सॉल्व्हंट वायू होऊन निघून जातो. प्रयोगशाळेच्या छोट्या मशीनमध्ये व्हॉल्व्हच्या पलीकडच्या बाटलीत पांढरी पावडर जमताना दिसते, ते कॅफिन. आणि तोच व्हॉल्व्ह गरम ठेवावा लागतो बरं का, कारण प्रसरण पावताना कार्बन डायऑक्साइड इतका थंड होतो की आत ड्राय आइस, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, जमून नळीच चोंदते. फ्लो अचानक बंद झाला आणि व्हॉल्व्हवर बर्फ दिसला की हेच झालंय समजा.

मग पाणीच का नाही वापरत सुपरक्रिटिकल करून? कारण त्याला 374 अंश आणि 221 बार लागतात, कॉफीचं काय होईल तुम्हीच विचार करा. कार्बन डायऑक्साइडला 31 अंश पुरतात, तो जळत नाही, आणि मागे विषारी काही ठेवत नाही.

आता कॉफी. ही कल्पना कुर्ट त्सोझेल यांची, जर्मनीतल्या म्युलहाइमच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधली, 1960 च्या दशकातली. ते दुसऱ्याच रसायनांचं मिश्रण वेगळं करत होते, कॉफी नंतर आली, आणि 70 च्या दशकाच्या शेवटी ब्रेमेनमध्ये मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं. पद्धत काय, तर भाजलेले नाही, हिरवे कच्चे दाणे घ्यायचे. हे महत्त्वाचं आहे कारण कॉफीचा तो वास भाजताना तयार होतो, आणि वासाची ती संयुगं कार्बन डायऑक्साइडमध्ये छान विरघळतात. भाजलेल्या दाण्यावर हा प्रयोग केलात तर कॅफिनच्या आधी वासच निघून जाईल, मग राहिलं काय.

दुसरी गोष्ट, दाणे ओले करायचे, वजनात चाळीस-पन्नास टक्के पाणी होईपर्यंत. इथे बरेच जण चकतात, कारण शुद्ध कॅफिनची पावडर कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळते, मग दाण्यातलं का नाही विरघळणार? नाही विरघळत, जवळपास काहीच येत नाही. दाण्यातलं कॅफिन तिथल्याच क्लोरोजेनिक ॲसिड नावाच्या संयुगाला धरून बसलेलं असतं, आणि कोरडा दाणा आतून घट्ट असतो. पाणी ती पकड सोडवतं आणि दाणा फुगवून वाट करून देतं. म्हणून वायूही ओलसर ठेवतात. कोरडा वायू सोडलात तर तो कॅफिनबरोबर दाण्यातलं पाणीही उचलत राहतो, दाणे सुकतात, आणि काम हळू होत होत थांबतं. बाहेर येणारं कॅफिन कमी झालेलं दिसतं आणि माणसाला वाटतं झालं संपलं सगळं, पण दाणा काढून तपासला तर आत कॅफिन तसंच.

त्सोझेल यांच्या पद्धतीत दाब 160 ते 220 बार आणि तापमान 70 ते 90 अंश. आता तुम्ही म्हणाल, तापवलं की घनता कमी होते, मग ताकद नाही का कमी होणार? बरोबर आहे. 100 बारला 40 वरून 80 अंशांवर नेलंत तर घनता 630 वरून 220 वर येते, विरघळणं कोसळतं. पण तापवल्यावर कॅफिनची स्वतःचीच उडून जायची ओढ वाढते, आणि दाब पुरेसा वर असेल तर घनतेचं नुकसान इतकं मोठं नसतं, मग हा दुसरा परिणाम नुकसान भरून काढायला लागतो. शिवाय दाण्याच्या आतून बाहेर यायचा वेगही वाढतो, आणि खरा वेळ तिथेच जातो. तरी तासनतास लागतात. मग दाब 400 का नाही करत? कारण मग दाण्यातलं तेलही जास्त यायला लागतं, आणि ते आपल्याला दाण्यातच हवंय. साखर आणि प्रथिनं मात्र अशा दाबालाही राहतात जिथल्या तिथे, ती या सॉल्व्हंटमध्ये जातच नाहीत.

आता थोडा हिशेब. एक किलो अरेबिकाच्या दाण्यात साधारण 12 ग्रॅम कॅफिन. आणि कार्बन डायऑक्साइड तसा अगदी कंजूष सॉल्व्हंट, शुद्ध कॅफिनसुद्धा किलोमागे ग्रॅमच्या आसपास, आणि ओल्या दाण्यातून येतं ते त्याहून बरंच कमी, कारण कॅफिन दाण्यातल्या पाण्यातही रमतं, सहज बाहेर येत नाही. म्हणजे एक किलो दाण्यासाठी कित्येक दहा किलो वायू फिरवायचा. आता हा सगळा वायू दर फेरीला दाब सोडून परत 200 बारला चढवायचा म्हटलं तर विजेचं बिल बघवणार नाही. म्हणून कारखान्यात दाब सोडतच नाहीत! वायू त्याच दाबावर एका टॉवरमधून नेतात, वरून पाण्याचा शिडकावा, कॅफिनला पाणी जास्त आवडतं, ते पाण्यात जातं आणि धुतलेला ओला वायू परत दाण्यांकडे. पंपाला फक्त फिरवायचं काम. किंवा पाण्याऐवजी ॲक्टिव्हेटेड कार्बन, तो कॅफिन पकडून ठेवतो, पण मग ते त्यातून सोडवणं कटकटीचं. पाण्यातून मिळालेलं कॅफिन शुद्ध करून विकता येतं, औषधांना, कोल्ड्रिंकला. मी तरी पाण्याच्या बाजूने आहे.

खर्च मात्र आहे, आणि तो भांड्यांचा आहे, गॅसचा नाही. एवढा दाब सहन करणारी, वारंवार उघडायची झाकणं. रबरी ओ-रिंग हा तर वेगळाच त्रास, त्यात कार्बन डायऑक्साइड मुरतो आणि दाब भसकन सोडला की आतला वायू फुगून रिंगवर फोड येतात, फाटते. आणि गळती झाली तर वास येत नाही, जड वायू आहे, खालच्या बंद जागेत साचतो, तिथे डिटेक्टर लावल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही.

प्रश्न आला की शून्य कॅफिन का नाही करत. शेवटचं थोडं दाण्याच्या अगदी आतलं असतं, आणि आत कमी उरलं की बाहेर यायची ओढही कमी, त्यामुळे शेवटचा हिस्सा काढायला सुरुवातीच्या मोठ्या हिश्श्याच्या मानाने भलताच वेळ लागतो. युरोपात भाजलेल्या डीकॅफची, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीची, मर्यादा कोरड्या वजनाच्या 0.1 टक्का आहे, म्हणजे किलोला एक ग्रॅम. 12 वरून 1 च्या खाली आलं की भांडं उघडतात, दाणे वाळवून परत मूळच्या ओलाव्यावर आणतात आणि भाजायला पाठवतात.