ग्राफ पडतो त्याच्या अर्धा सेकंद आधी काय चाललेलं असतं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला किती टक्के प्रेक्षक अजून बघतायत हे दाखवणारा रिटेन्शन ग्राफ उघडला की बहुतेक जण काय बघतात, तर सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला गेला तो आकडा, आणि मग खूश होऊन किंवा नाराज होऊन बंद करतात. त्या आकड्यावरून नेमकं काय बदलायचं ते कळतच नाही, ते कळतं रेषेच्या आकारावरून, आणि शॉर्ट व्हिडिओत तर पहिल्या तीन सेकंदांतल्या आकारावरून.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेत. बॅगेची मेटलची चेन अडकली की दात्यांवर पेन्सिल घासायची, ग्राफाइटमुळे चेन सरकायला लागते, यावर २४ सेकंदांचा व्हिडिओ आहे. ग्राफ १०० वर सुरू होतो, पहिल्या सेकंदाला ८८, दुसऱ्याला ६३, तिसऱ्याला ५७, आणि मग हळूहळू उतरत शेवटी ४०. सगळ्यात मोठी पडझड एक ते दोन सेकंदांच्या मध्ये आहे, पंचवीस टक्के लोक तिथेच गेले. आता आपण काय करतो, दोन सेकंदांवर जाऊन थांबतो आणि तिथली फ्रेम बघतो, आणि गडबड इथेच होते! माणूस आधी बघतो, मग कंटाळतो, मग अंगठा हलतो, याला साधारण अर्धा सेकंद तरी जातोच, म्हणजे कारण नेहमी पडझडीच्या थोडं आधी असतं. म्हणून पडायला सुरुवात होते त्या जागेपासून अर्धा-पाऊण सेकंद मागे जा आणि तिथून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून.

या व्हिडिओत तसं केलं तर दिसतं की ०.७ सेकंदाला बॅगेवरून कट होऊन चेहरा येतो आणि "नमस्कार, आजच्या व्हिडिओत आपण एक छोटीशी ट्रिक" असं सुरू होतं. चेन पहिल्यांदा दिसते अडीच सेकंदांनी! तोपर्यंत हा व्हिडिओ कशाचा आहे हेच कळत नाही, मग माणूस थांबेल कशाला? आणि हीच पडझड जर अगदी पहिल्या सेकंदात असती तर मी बोलण्याकडे बघितलंच नसतं, कारण तेवढ्यात कुणी वाक्य ऐकत नाही, तिथे पहिली फ्रेम बघायची, काळा फेड-इन आहे का, लोगो आहे का, वस्तू खूप लांबून घेतलीय का.

तर दुसरा कट, म्हणजे व्हिडिओची नव्याने जोडलेली आवृत्ती, केला. पहिल्याच फ्रेमला घट्ट बसलेली चेन जवळून, हात ओढतोय, आणि आवाज येतो "चेन अडकली? ओढू नका, पेन्सिल घ्या." तिसऱ्या सेकंदाला आता ७४. पण नमस्कार आणि ओळख काढून टाकण्याऐवजी ती चौथ्या सेकंदाला नेऊन ठेवली होती, त्यामुळे चार ते सातमध्ये रेषा ७४ वरून ५५ वर आली आणि शेवटी ४२. म्हणजे पडझड थांबली नाही, फक्त पुढे सरकली. हे पकडायला एक साधा भागाकार मी नेहमी करते: तीन सेकंद थांबलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती आले? पहिल्या कटमध्ये ५७ पैकी ४०, म्हणजे साधारण ७० टक्के, दुसऱ्यात ७४ पैकी ४२, म्हणजे ५७ टक्के. सुरुवात सुधारली आणि हा आकडा घसरला तर समजायचं की सुरुवातीला जे देतो म्हणालो ते द्यायला उशीर होतोय, किंवा ते दिलंच नाही. ओळख पूर्ण काढली, चौथ्या सेकंदाला पेन्सिल दात्यांवर टेकली, तेव्हा तिसऱ्या सेकंदाला ७३ आणि शेवटी ५२, म्हणजे पुन्हा ७१ टक्के. हुक, म्हणजे माणसाला थांबवून धरणारी सुरुवात, चांगला झाला असं मी याला म्हणते, नुसत्या ७४ ला नाही.

आता काही ठिकाणी ग्राफ फसवतो. व्हिडिओ लूपमध्ये परत चालला की काही ग्राफमध्ये सुरुवात १०० च्या वर दिसते, १२० वगैरे, तेव्हा तिसऱ्या सेकंदाचे ८४ बघून हुरळून जायचं नाही, १२० पैकी ८४ म्हणजे ७० टक्केच धरायचे. मग व्ह्यूज कमी असतील तर, समजा २०० आहेत, पाच टक्क्यांचा फरक म्हणजे फक्त दहा माणसं, त्यावरून कट बदलू नका. आणि सुरुवातीचे प्रेक्षक बरेचदा तुम्हाला ओळखणारे असतात, ते नमस्कारसुद्धा ऐकून घेतात, व्हिडिओ अनोळखी लोकांच्या फीडमध्ये गेला की तीच रेषा खाली बसते, त्यात व्हिडिओ बिघडला असं काही नसतं. म्हणून दोन कट ताडून बघताना दोन्हींचे व्ह्यूज साधारण सारखे झाल्यावरच बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, पहिली फ्रेम बदलली असेल तर पहिलं वाक्य तेच ठेवा, नाहीतर रेषा वर गेली तरी कशामुळे गेली ते सांगता येणार नाही.